परदेशातून घरी दर महिन्याला आपोआप जाणारे पैसे वेळेत थांबवायचे असतील तर

प्रश्न: मी डॅलसला असते, माहेर सेलू (जि. परभणी). ॲपवरून दर महिन्याच्या १५ तारखेला बाबांच्या खात्यात ४०० डॉलर आपोआप जातात. २६ सप्टेंबरला बाबा गेले. मी फोनमधून ॲप काढून टाकलं होतं, तरी काल, सोमवारी ५ ऑक्टोबर २०२६ ला, "तुमचे पैसे १५ तारखेला निघतील" असा मेल आला. हे थांबवायला ॲपला सांगू की माझ्या बँकेला? पैसे गेलेच तर परत येतात का? पुढे आईच्या खात्यावर पाठवायचे आहेत. भाऊ सेलूलाच असतो.

उत्तर:

ताई, वाचून वाईट वाटलं. तारीख जवळ आली आहे म्हणून आधी कामाचं बोलतो. आज मंगळवारीच ॲपमध्ये जाऊन ठरवून ठेवलेली पाठवणी रद्द करा आणि ती रद्द झाल्याचा पुरावा हातात घ्या. बँकेकडे जायचं ते त्यानंतर, आणि तेही गरज पडली तरच. बहुतेक जण याच्या उलट करतात. बँक ओळखीची असते, तिचा नंबर पाठ असतो, म्हणून आधी बँकेला फोन लावून पैसे अडवतात. तिथून जो गुंता सुरू होतो तो नंतर सोडवायला महिना जातो. असं का होतं ते पुढे सांगतो.

तुम्ही दिलेले आदेश मुळात दोन आहेत. पहिला ॲपच्या कंपनीला: दर १५ तारखेला अमुक खात्यात ४०० डॉलर पोचते करा. दुसरा आदेश ओघात दिला गेला आणि तो तुमच्या लक्षातही नसेल. पहिल्यांदा बँक खातं जोडताना तुम्ही त्या कंपनीला तुमच्या चेकिंग खात्यातून दर महिन्याला रक्कम ओढून घेण्याची संमती दिली. पहिला आदेश कंपनीच्या सर्व्हरवर आहे, दुसरा कंपनी आणि बँक यांच्यामध्ये आहे, आणि तुमच्या फोनमध्ये यातला एकही नाही. रिमोट कपाटात ठेवला म्हणून टीव्ही बंद होत नाही, तसंच हे. ॲप काढून टाकल्याने एवढंच झालं की पाठवणी चालू आहे हे दिसायचं बंद झालं.

आता मुदत. तुम्ही अमेरिकेत आहात म्हणून तिथला नियम लागू होतो. सेलूत खातं आहे म्हणून भारतातला नाही. अमेरिकेत परदेशी पैसे पाठवण्याबद्दल ग्राहकांसाठी जे संघीय नियम आहेत, ते २८ ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहेत. त्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते: पैसे भरल्यापासून ३० मिनिटांत फुकट रद्द करता येतं. ती खरी आहे, पण ती आत्ताच्या आत्ता पाठवलेल्या रकमेसाठी. किमान तीन कामाचे दिवस आधी ठरवून ठेवलेल्या पाठवणीला ती अर्ध्या तासाची सोय लागू होत नाही. तिथे नियम असा आहे, की ठरलेल्या तारखेच्या किमान तीन कामाचे दिवस आधी तुमची विनंती कंपनीला पोचली तर तिला ती मानावीच लागते. विनंती तोंडी चालते, लेखी चालते. १५ तारखेला सकाळी उठून "अजून अर्धा तास आहे" असं मनात धरू नका.

तुमच्या बाबतीत दिवस मोजून बघू. १५ ऑक्टोबर गुरुवारी आहे. मागे येत मोजलं तर बुधवार १४ हा एक, मंगळवार १३ हा दोन. सोमवारी १२ तारखेला तिकडे कोलंबस डेची संघीय सुट्टी आहे, म्हणून तो दिवस धरायचा नाही. काही कंपन्यांची कार्यालयं त्या दिवशी चालू असतात आणि त्यांच्या हिशेबात तो कामाचा दिवस ठरू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. शनिवार-रविवार गेले. म्हणजे तिसरा दिवस शुक्रवार ९ ऑक्टोबर. कॅलेंडरवर सहा दिवसांचं अंतर दिसतं, पण त्यात कामाचे दिवस तीनच आहेत. लोकांची गफलत होते ती इथेच: १२ तारखेला फोन करतात आणि "आम्ही तर तीन दिवस आधी सांगितलं" म्हणून भांडतात.

शुक्रवार ही शेवटची रेघ आहे, तिथपर्यंत ताणू नका. कंपनीचं कार्यालय तुमच्यापेक्षा वेगळ्या टाइम झोनमध्ये असू शकतं. आणखी एक, पावतीवर पैसे निघण्याची तारीख आणि तुमच्या खात्यातून रक्कम ओढण्याची तारीख वेगवेगळ्या दिल्या आहेत का ते बघा. काही सेवा पैसे भारतात वेळेवर पोचावेत म्हणून रक्कम दोन-तीन दिवस आधीच ओढतात. तसं असेल तर त्यांच्या पडद्यावरचं रद्द करण्याचं बटण ९ तारखेच्या आधीच नाहीसं झालेलं दिसेल. बटण गेलं म्हणजे हक्क गेला असं नाही. मुदतीत असाल तर फोनवर सांगा, तेही ग्राह्य आहे.

काल आलेला मेल पुसू नका. दर महिन्याच्या ठरलेल्या पाठवणीबद्दल तारीख आणि ती रद्द करण्याची माहिती कंपनीने त्या त्या तारखेच्या किमान पाच कामाचे दिवस आधी कळवायची असते. काही कंपन्या वर्षभराचं एकदमच कळवतात, काही दर महिन्याला. कालचा मेल बहुतेक तीच सूचना आहे. त्यात खाली बारीक अक्षरात रद्द करण्याची शेवटची तारीख आणि फोन नंबर असतो. मी मोजलेल्या तारखेपेक्षा त्यातली तारीख आधीची असेल तर ती धरून चाला.

आता प्रत्यक्ष करायचं काय. ॲप पुन्हा टाका किंवा लॅपटॉपवरून कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करा. मोठा पडदा बरा पडतो, कारण फोनवर ही जागा दोन-तीन मेन्यूंच्या आत दडलेली असते. नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं: कुठे Scheduled, कुठे Recurring, कुठे Auto ने सुरू होणारं काही. तिथे बाबांच्या नावासमोर ४०० डॉलर, दर महिना, पुढची तारीख १५ ऑक्टोबर अशी नोंद सापडेल. ती उघडल्यावर साधारण दोन पर्याय दिसतात. एक फक्त पुढची खेप गाळतो, दुसरा पूर्ण मालिका बंद करतो. घाईत पहिला दाबला तर ऑक्टोबर सुटेल आणि १५ नोव्हेंबरला पैसे पुन्हा निघतील. तुम्हाला दुसरा हवा आहे.

मालिका बंद केल्यावर तिथेच थांबू नका, व्यवहारांच्या यादीत जा. कंपन्यांची यंत्रणा पुढच्या तारखेचा व्यवहार काही दिवस आधीच तयार करून ठेवते. तो तयार झाला असेल तर त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळालेला असतो आणि मालिका बंद केली तरी तो एकटा जिवंत राहू शकतो. तुम्हाला "निघतील" असा मेल आलाच आहे, म्हणजे ही शक्यता बरीच आहे. यादीत १५ तारखेचा व्यवहार Scheduled किंवा Pending असा दिसत असेल तर तो उघडून वेगळा रद्द करा. दोन्हीकडे Cancelled दिसलं, की तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि रद्द झाल्याचा मेल आला का ते बघा. तासाभरात मेल आला नाही तर काम झालं असं समजू नका.

मेल आला नाही किंवा बटणच सापडलं नाही, तर फोन करा. नंबर फक्त ॲपमधून किंवा जुन्या पावतीवरून घ्यायचा. गूगलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं की पहिले दोन-तीन नंबर भामट्यांचे निघू शकतात. पैसे परत करायचं निमित्त सांगून ते स्क्रीन शेअर करायला लावतात. खरा माणूस तसं कधी सांगत नाही.

फोनवर तुमचं नाव, पत्ता किंवा फोन नंबर, आणि व्यवहाराचा क्रमांक एवढं सांगितलं की नियमाप्रमाणे विनंती पूर्ण होते. कारण सांगण्याची सक्ती नाही. तरी इथे कारण सांगितलेलं बरं: ज्यांना पैसे जातात ते वारले आहेत, म्हणून मालिका कायमची बंद करा, १५ तारखेचा व्यवहार रद्द करा आणि ही प्राप्तकर्त्याची नोंदही निष्क्रिय करा. फोन ठेवण्याआधी विनंतीचा क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव आणि तुमच्याकडची वेळ लिहून घ्या. त्यांच्या चॅटमध्येही हेच दोन ओळींत टाकून ठेवा, म्हणजे लेखी नोंद राहते. हे सगळं तुम्हालाच करावं लागेल. सेलूहून तुमच्या भावाने फोन केला तर कंपनी त्याचं ऐकणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ग्राहक पाठवणारा आहे, घेणारा नाही.

ॲपमधून बँक खातंच काढून टाकायचा मोह होतो. तो टाळा. एखादं डेबिट कार्डही जोडलेलं असेल तर काही सेवा खातं सापडलं नाही की कार्डावर जातात. चेकिंग खातं मुद्दाम रिकामं ठेवणं तर सगळ्यात वाईट. बँक ओव्हरड्राफ्ट देऊन पैसे सोडू शकते आणि वर शुल्क लावू शकते. नाही सोडले तर शिल्लक नाही म्हणून परत गेलेली मागणी कंपनी आणखी दोनदा लावू शकते, आणि तोवर पगार जमा झालेला असला की ती वसूल होते.

आता बँक आधी का नको ते बघा. पुष्कळ सेवा पैसे लवकर पोचवण्यासाठी आधी स्वतःच्या पैशातून भारतात रक्कम जमा करतात आणि तुमच्या खात्यातून वसुली एक-दोन दिवसांनी होते. समजा तुम्ही ॲपला काहीच न सांगता बँकेत स्टॉप पेमेंट लावलं. १५ तारखेला कंपनीने सेलूच्या खात्यात पैसे जमा केले. १६ किंवा १९ तारखेला ती तुमच्या खात्याकडे वसुलीला आली आणि बँकेने R08 या कोडने, म्हणजे ग्राहकाने पेमेंट अडवलं असं सांगून, मागणी परत पाठवली. आता बाबांच्या खात्यात पैसे पडलेत, ते काढता येत नाहीत, आणि कंपनीच्या वहीत तुमच्या नावावर ४०० डॉलर येणं आहे. तुमचं प्रोफाइल अडकतं, वसुलीचे मेल सुरू होतात आणि आईला पैसे पाठवायची वाटही तेवढे दिवस बंद होते. पाठवणी थांबली नाही, फक्त तिची किंमत चुकती झाली नाही.

ॲपमध्ये रद्द झाल्यावर मात्र बँक हे चांगलं दुसरं कुलूप आहे. खात्री वाटत नसेल तरच लावा. त्यालाही मुदत तीच: रक्कम ओढण्याच्या तारखेच्या किमान तीन कामाचे दिवस आधी बँकेला कळवायचं, तोंडी किंवा लेखी. तोंडी कळवलं तर बँक १४ दिवसांत लेखी मागू शकते, आणि तिने मागूनही दिलं नाही तर तोंडी सूचना गळून पडते. फोनवर नुसतं "हे पेमेंट थांबवा" म्हणू नका. संमती मागे घेतली आहे, या कंपनीच्या पुढच्या सगळ्या मागण्या अडवा, असं स्पष्ट सांगा. त्यावर बँक विचारू शकते की कंपनीला हे कळवलं आहे का. तिथे तुमचा रद्द झाल्याचा मेल कामी येतो. ॲप आधी म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

बँकेत रक्कम सांगून लावलेलं स्टॉप पेमेंट निसटू शकतं, याकडेही लक्ष द्या. तुमच्या डोक्यात ४०० डॉलर असतात, पण स्टेटमेंटवर शुल्क धरून समजा ४०१.९९ असतात. बँकेची यंत्रणा नेमकी रक्कम जुळवत असेल तर ४०० ची सूचना ४०१.९९ ला लागतच नाही. म्हणून मागच्या महिन्याचं स्टेटमेंट समोर ठेवा. त्यावर कंपनीचं नाव ज्या स्पेलिंगने आहे ते सांगा आणि कंपनीच्या ओळख क्रमांकावरून अडवायला सांगा. ॲपच्या पडद्यावरचं नाव आणि स्टेटमेंटवरचं नाव वेगळं असणं नेहमीचंच आहे. बऱ्याच बँका यासाठी शुल्क घेतात, ते आधी विचारा.

पैसे बँक खात्याऐवजी डेबिट कार्डावरून जात असतील तर कार्ड हरवलं असं सांगून नवं घ्यायची युक्ती कुणीतरी सुचवेल. तिच्यावर विसंबू नका. कार्डाच्या जाळ्यातून नवा नंबर आपोआप जुन्या व्यापाऱ्याकडे पोचवण्याची सोय असते, आणि मालिका नव्या कार्डावर चालू राहू शकते.

मुदत हुकली तर? तरीही ॲपमध्ये प्रयत्न करा. कायद्याने सक्ती नसली तरी बऱ्याच कंपन्या पैसे प्रत्यक्ष निघेपर्यंत रद्द करू देतात. व्यवहारासमोर Processing दिसत असेल तर थोडी आशा आहे, लगेच फोन करा. Delivered दिसलं तर इकडून ओढून घेण्याचा मार्ग नाही. भारतात शेवटचा टप्पा आयएमपीएस किंवा एनईएफटीने होतो, दोन्ही चोवीस तास चालतात, आणि जमा झालेली रक्कम पाठवणाऱ्याच्या विनंतीवरून बँक स्वतः उलटवत नाही.

मात्र मुदतीत रद्द करूनही त्यांनी पैसे ओढलेच, तर ती कंपनीची चूक. तिथे तुम्ही दोन्ही दारं ठोठावू शकता. कंपनीकडे तक्रार करायला पैसे पोचण्याच्या ठरलेल्या तारखेपासून १८० दिवस असतात. तुमच्या बँकेकडे मात्र त्या ओढीची नोंद असलेलं स्टेटमेंट तिने पाठवल्यापासून ६० दिवसांत सांगा. बँक परवानगीविना रक्कम गेल्याचं निवेदन सही करून घेते. रद्द केलंच नसेल तर त्या कागदावर सही करू नका, ते खोटं निवेदन होतं.

सेलूकडची बाजू आता बघू. तिथे सगळं अवलंबून आहे ते खातं कसं आहे यावर. खातं आई-बाबांचं संयुक्त असेल आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशा पद्धतीचं असेल, तर १५ तारखेचे पैसे गेले तरी आकाश कोसळत नाही. आईला मृत्यूचा दाखला देऊन बाबांचं नाव कमी करून घेता येतं आणि खातं चालू राहतं. खातं एकट्या बाबांचं असेल तर बँकेला मृत्यू कळताच त्यातले व्यवहार थांबतात. अशा खात्यावर वाटेत असलेली रक्कम आली तर रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शनाप्रमाणे दोन मार्ग असतात. वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या संमतीने ती मृताच्या इस्टेटीच्या नावाच्या वेगळ्या खात्यात जमा होते, किंवा "खातेदार मृत" अशा शेऱ्यासह पाठवणाऱ्याकडे परत जाते. तुम्हाला दुसरा मार्ग सोयीचा. पण तो आपोआप घडेल असं धरू नका, कारण बँकेला मृत्यू कळलेलाच नसेल तर पैसे नेहमीसारखे जमा होतील.

म्हणून भावाला शाखेत पाठवा, मृत्यूचा दाखला आणि पासबुक घेऊन. दाखला अजून हातात नसला तरी जाऊन लेखी कळवावं, आणि अर्जात लिहावं की परदेशातून येणारी रक्कम पाठवणाऱ्याकडे परत करावी. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का-सहीसह पोच घ्यावी. १० तारखेला दुसरा शनिवार आहे, शाखा बंद असेल. तेव्हा शुक्रवारपर्यंत जायला सांगा. ते जमलं नाही तर सोमवार १२. परत येणारे पैसे तुमच्याकडे नेमके किती पोचतील हे कंपनीच्या अटींवर आहे. काही मूळ डॉलर देतात, काही परतीच्या दिवसाच्या दराने मोजतात.

घरातल्यांना एक गोष्ट निक्षून सांगा. बाबांचं एटीएम कार्ड आणि त्यांच्या मोबाइलवरचं यूपीआय आता कुणी वापरायचं नाही, पिन माहीत असला तरी. तेराव्याचा खर्च म्हणून काढले तरी पुढे वारसांमध्ये किंवा बँकेसमोर तेच कागद निघतात. नामनिर्देशन असेल तर दाव्याचा अर्ज, दाखला आणि ओळखपत्र एवढ्यावर काम होतं, आणि कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. नामनिर्देशित व्यक्तीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीने सांभाळण्यासाठी, एवढं लक्षात असू द्या.

आईच्या खात्याबद्दल. जुन्याच मालिकेत जाऊन बाबांचं नाव आणि खाते क्रमांक बदलायचा प्रयत्न करू नका. बऱ्याच ॲपमध्ये असा बदल पुढच्या-पुढच्या खेपेला लागू होतो आणि आधीच तयार झालेला व्यवहार जुन्या खात्यावरच जातो. जुनी मालिका मारा, आईची प्राप्तकर्ता म्हणून नवी नोंद करा. नाव तिच्या पासबुकावर आहे तसंच लिहा. मधलं नाव तिथे असेल तर इथेही हवं.

त्याआधी आईचं खातं कोणत्या प्रकारचं आहे ते भावाला शाखेत विचारायला सांगा, त्याच फेरीत होईल. आपल्याकडे बऱ्याच बायकांचं एकच खातं असतं, योजनेत उघडलेलं. ते अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं "स्मॉल अकाउंट" असेल तर त्यात एका आर्थिक वर्षात १ लाख रुपयांपेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. परदेशातून आलेली रक्कम तर पूर्ण केवायसीशिवाय अशा खात्यात जमाच करता येत नाही. आधार आणि पॅन, पॅन नसेल तर फॉर्म ६०, देऊन पूर्ण केवायसी केली की ही बंधनं जातात. दोन वर्षांत खातेदाराने स्वतः एकही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय झालेलं असतं. तेही त्याच अर्जात चालू करून घ्यावं.

हे झालं की लगेच मासिक पाठवणी लावू नका. आधी ॲप परवानगी देईल तेवढी लहानात लहान रक्कम एकदाच पाठवा. ही आत्ताची पाठवणी असल्यामुळे इथे मात्र ३० मिनिटांची सोय मिळते: पैसे आईच्या खात्यात जमा झाले नसतील आणि खाते क्रमांकात चूक दिसली, तर तेवढ्या वेळात रद्द करा. शुल्कासह रक्कम तीन कामाच्या दिवसांत परत मिळायला हवी. पैसे पोचले की आईच्या पासबुकावर नोंद छापून भावाला तिचा फोटो पाठवायला सांगा. मग मासिक पाठवणी लावा, आणि शक्यतो शेवटची तारीख टाकून लावा, बारा महिन्यांची. ॲपमध्ये ती सोय नसेल तर तुमच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या ५ तारखेची आठवण ठेवा, म्हणजे रद्द करायचं झालंच तर सुट्ट्या धरूनही मुदत हातात राहील.